थायरॉईडची गोळी, आयर्न आणि कॅल्शियम: आधी वेळा बदला, डोसचं नंतर बघू

ताई, माझं वय ४७. चार वर्षं थायरॉईडची ७५ ची गोळी चालू आहे, मागच्या वर्षी टीएसएच २.८ होता. जानेवारीत हिमोग्लोबिन ९.४ आलं म्हणून आयर्न आणि कॅल्शियम चालू झालं. थायरॉईडची गोळी मी सकाळी चहाबिस्किटाबरोबर घेते आणि बाकीच्या दोन नाश्ता झाला की लगेच, म्हणजे विसरायला होत नाही. एप्रिलमध्ये टीएसएच एकदम ९.६! डॉक्टरांनी १० एप्रिलपासून १०० ची दिली. मला धीर निघेना, ३० एप्रिलला माझी मीच परत टेस्ट केली तर ७.१. केस फार गळतात, त्यासाठी बायोटिनपण घेतेय. आता डॉक्टरांना १२५ करायला सांगू का? आणि नणंद म्हणते गोळी रात्रीच घ्यायची असते, खरं का?
— एक वाचक, सांगली

ताई, १२५ चं इतक्यात नाव काढू नका. आणि त्या ७.१ वरून काहीच ठरवू नका, तो आकडा अर्ध्या वाटेतला आहे.

मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे वीस वर्षं उभी आहे आणि तुमच्यासारखी चिठ्ठी महिन्यातून दोनतीनदा तरी माझ्या हातात येते, एकीकडे थायरॉईडचा डोस वाढवलेला आणि त्याच कागदावर खाली आयर्न नाहीतर कॅल्शियम. दोन्ही औषधं बरोबर असतात, डॉक्टरांचंही काही चुकलेलं नसतं, फक्त पेशंट ती कधी घेतोय हे कोणी विचारलेलं नसतं आणि पेशंटला ते सांगायचं असतं हे माहीत नसतं. तुमच्या पत्रातल्या तारखाच बघा ना, मागच्या वर्षी २.८, मग जानेवारीत दोन नवीन गोळ्या, आणि एप्रिलमध्ये ९.६. टीएसएच चढला म्हणजे अंगात थायरॉईड कमी पडतंय. मधे दुसरं काहीच बदललं नाही. चार वर्षं जी ७५ ची गोळी तुम्हाला पुरत होती ती अचानक कमी पडायला लागली, तर मला पहिला संशय हाच येणार की गोळी पोटात जातेय पण रक्तात पोचत नाहीये.

ती का पोचत नाही ते नीट समजून घ्या, म्हणजे वेळा पाठ कराव्या लागणार नाहीत. थायरॉईडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, ७५ ची म्हणजे ७५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा तेरावा भागसुद्धा नाही. आणि कॅल्शियमची साधी गोळी ५०० मिलिग्रॅमची. म्हणजे तुमच्या आतड्यात औषधाच्या एका कणामागे कॅल्शियम सहा हजार पटींहून जास्त वजनाचं येऊन बसतं. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तुमच्या गोळीतलं औषध, हे लोहाला आणि कॅल्शियमला चिकटतं, आणि एकदा चिकटलं की ते आतड्यातून शोषलं जात नाही, सरळ पुढे निघून जातं. तुम्ही सकाळी सहाला थायरॉईडची गोळी घेत असाल आणि साडेआठला नाश्ता करून या दोन, तरी मधे अडीचच तास होतात, आणि अंतर लागतं चार तासांचं. आयर्न आणि कॅल्शियम दोन्हीसाठी चार तास, हा एवढा एक आकडा लक्षात ठेवा.

आता चहाबिस्किट. मला माहितीये चहाला कोणी खाणं म्हणत नाही, उपासालासुद्धा चहा चालतो आपल्याकडे, पण या गोळीच्या दृष्टीने दुधाचा चहा आणि बिस्किट म्हणजे खाणंच. अनशेपोटी घेतली तर साधारण ७० ते ८० टक्के औषध शोषलं जातं आणि पोटात काही असलं की ते प्रमाण खाली येतं. कॉफीचंही तसंच, काळी असली तरी. त्यामुळे गोळी फक्त साध्या पाण्याबरोबर, आणि मग चहा कमीत कमी अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने. लिंबूपाणी, मध घातलेलं गरम पाणी, ओव्याचं पाणी हे सगळं त्या तासानंतर.

गंमत म्हणजे, चहाबरोबर तर तुम्ही चार वर्षं घेत असणार आणि तरी टीएसएच २.८ होता. म्हणजे चहामुळे जो थोडा फटका बसत होता तो ७५ च्या डोसमध्ये आधीच धरला गेला होता, रोज सारखाच चहा, रोज सारखाच फटका, आणि डोस त्यावर बेतलेला. गडबड झाली ती आयर्न-कॅल्शियमची त्यात भर पडल्यावर. हे मी मुद्दाम सांगतेय कारण पुढे याचाच एक धोका आहे, तो सांगतेच.

आधी तुमचा दिवस लावून देते. थायरॉईडची गोळी उशाशी ठेवा, शेजारी पाण्याचा तांब्या झाकून, सहाला डोळे उघडले की घ्यायची आणि मग उठायचं. सातला चहा. साडेआठला नाश्ता, नुसता. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, कारण आपल्याकडे जे बहुतेक मिळतं ते कॅल्शियम कार्बोनेट आणि ते जेवणाबरोबरच चांगलं पचतं, तेव्हा दीड वाजता घेतलंत तरी सकाळच्या गोळीपासून साडेसात तास होतात. आणि आयर्न रात्री झोपताना, जेवणानंतर दीड-दोन तासांनी, साध्या पाण्याने. आयर्न आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की कॅल्शियम आयर्नलाही अडवतं, म्हणजे तुमचं हिमोग्लोबिन वाढायलाही उशीर होणार, म्हणून ते दोघं वेगळे. चहासुद्धा आयर्नचा वैरी आहे, त्यामुळे सकाळी नाश्ता-चहा झाल्यावर आयर्न घेण्यात तसाही फार अर्थ नव्हता. रात्री आयर्नने मळमळ झाली तर जेवल्यावर लगेच घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण निदान बंद तरी पडणार नाही. कॅल्शियम दिवसातून दोनदा लिहून दिलं असेल तर दुसरी गोळी रात्रीच्या जेवणानंतर येते आणि आयर्नशी भिडते, तेव्हा डॉक्टरांना विचारून एकच ठेवता येतं का बघा.

आणखी एक, तुमच्याकडे मल्टिव्हिटॅमिनची गोळी असेल तर तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा, त्यात लोह आणि कॅल्शियम दोन्ही असतं बऱ्याचदा आणि लोक ती "नुसती ताकदीची" म्हणून सकाळीच घेतात. व्हिटॅमिन डीचं आठवड्याला एकदाचं पाकीट मात्र कधीही घ्या, त्याचं थायरॉईडशी भांडण नाही. छातीत जळजळलं की पितात ते गुलाबी अँटासिड, त्यालाही चार तास. आणि पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची रोजची गोळी असेल तर तिथे अंतर ठेवून उपयोग होत नाही, कारण ती दिवसभर पोटातलं ॲसिडच कमी करते आणि थायरॉईडची गोळी विरघळायला ते ॲसिड लागतं, ते फक्त डॉक्टरांना सांगायचं, मग ते डोस त्या हिशोबाने बघतात.

नणंदबाई म्हणतात ते चूक नाही. रात्रीही घेता येते, आणि काही जणांना तीच वेळ जास्त सोयीची पडते, पण शेवटच्या घासानंतर निदान तीन तास गेलेले पाहिजेत. आपल्याकडे साडेनऊला जेवण आणि अकराला झोप, म्हणजे दीड तास, मग वर दूध. तुमच्या बाबतीत तर रात्र मी आयर्नला दिलीये, त्यामुळे तुम्ही सकाळचीच ठेवा. सकाळ की रात्र यापेक्षा रोज एकच पद्धत असणं जास्त महत्त्वाचं, आज सकाळी उद्या रात्री असं करू नका.

आता त्या ७.१ चं. या औषधाचा निम्मा साठा अंगातून जायला साधारण सात दिवस लागतात, म्हणजे ते फार सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. डोस ७५ चा १०० केला की दुसऱ्या दिवशी रक्तात १०० ची पातळी येत नाही, पहिल्या आठवड्यात वाढायची तेवढ्यातली निम्मी वाढ होते, पुढच्या आठवड्यात राहिलेल्यातली निम्मी, असं करत करत पाच-सहा आठवड्यांनी ती जवळजवळ पूर्ण होते. आणि टीएसएच तर मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी सोडते, ती या पातळीकडे बघून आपला आकडा कमी करते, म्हणजे ती आणखी मागून चालते. म्हणून डोस बदलल्यावर टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी. तुम्ही विसाव्या दिवशी केलीत. ९.६ चा ७.१ झाला म्हणजे तो खाली यायला लागलाय एवढंच त्यातून कळतं, कुठे थांबणार ते कळत नाही. त्यावर कोणी डोस वाढवला तर आधीचा २५ अजून पूर्ण लागू व्हायचाय आणि वर दुसरा २५.

याच सावकाशपणाचा एक फायदाही आहे, एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरायचं कारण नाही. त्याच दिवशी आठवलं तर पोट रिकामं बघून घ्या. हरतालिकेला निर्जळी करणाऱ्या बायका मला विचारतात, त्यांना मी सांगते की पहाटे घोटभर पाण्याने घ्या आणि तेही नको असेल तर एका दिवसाने आभाळ कोसळत नाही. रोज रोज राहायला लागली की मात्र कोसळतं.

आणि तुमच्या त्या बायोटिनबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत, बहुतेक जणी लिहीतच नाहीत कारण ते औषध वाटतच नाही. बायोटिन गोळीला अडवत नाही, ते टेस्टला फसवतं. बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये टीएसएच मोजायच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, आणि तुमच्या रक्तात ते जास्त असलं (केसांच्या गोळ्यांत ५-१० मिलिग्रॅम असतं, म्हणजे रोजच्या गरजेच्या शेकडो पट) की टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी४, म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन, खोटा जास्त. सगळ्या मशीनना हे लागू नाही, पण तुमच्या लॅबचं कुठलं हे तुम्हाला कळणार नाही. म्हणजे तुमचा खरा आकडा ७.१ पेक्षा जास्तही असू शकतो. सुटसुटीत उपाय एकच, टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद. केस म्हणाल तर ९.६ टीएसएच आणि ९.४ हिमोग्लोबिन या दोन्हींनी केस गळतात, ते दोन्ही ताळ्यावर आले की बायोटिन लागतं का ते तुम्हीच बघा.

आता तो धोका. तुम्ही हे वाचून उद्यापासून सगळं शिस्तीत करणार, आणि गोळी आता १०० ची आहे. म्हणजे डोसही वाढला आणि शोषणही सुधारलं. वर म्हटलं तसं, तुमचा ७५ चा डोस चहासकट पुरत होता, आता चहाही बाजूला गेला, तर १०० तुम्हाला जास्तही होऊ शकते. माझ्या मोठ्या जाऊबाईंचं अगदी असंच झालं होतं. गुडघ्यांसाठी कॅल्शियम चालू होतं, थायरॉईडबरोबरच सकाळी घ्यायच्या, टीएसएच वर गेला म्हणून १०० ची १२५ झाली. मग गुडघे बरे वाटले म्हणून त्यांनी कॅल्शियम आपलं आपण बंद केलं आणि कोणाला सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. तीन महिन्यांनी रात्री छातीत धडधड, हात थरथरतायत, झोप नाही, सगळे म्हणाले काळजी करते म्हणून. टीएसएच काढला तर ०.०८. गोळी तीच होती, आता ती पूर्ण लागायला लागली होती. डोस कमी केल्यावर दीड-दोन महिन्यांत त्या ठीक झाल्या, पण ते धडधडीचे आठवडे मी विसरलेली नाही. आणि पाळी थांबायच्या वयात टीएसएच असा फार खाली बराच काळ राहिला तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके अनियमित व्हायची शक्यता वाढते, म्हणजे ज्या हाडांसाठी कॅल्शियम घेतो त्यांचंच नुकसान.

म्हणून वेळा बदलायच्या आधी डॉक्टरांना फोन करा किंवा जाऊन या. काय बोलायचं ते लिहून न्या: आयर्न-कॅल्शियम कधी चालू झालं, तीनही गोळ्या कुठल्या वेळेला घेत होते, चहाबरोबर घेत होते, ३० एप्रिलची टेस्ट विसाव्या दिवशीची आहे आणि बायोटिन चालू होतं. मग विचारा, मी वेळा नीट करतेय, तर १०० च ठेवू की ७५ वर परत येऊ? दोन्ही उत्तरं योग्य असू शकतात, तुमचं वजन, हृदय, पाळी बघून ते ठरवतील, आणि ते ठरवणं त्यांचंच काम आहे, माझं नाही. गोळी स्वतः बदलू नका, अर्धी तोडून मधलं काहीतरी करू नका. १०० वर ठेवलं आणि मधेच धडधड, थरथर, जुलाब, झोप उडणं असं काही सुरू झालं तर टेस्टची तारीख यायची वाट न बघता कळवा, आणि छातीत दुखलं किंवा ठोके वेडेवाकडे वाटले तर त्याच दिवशी दवाखाना.

टेस्टची तारीख धरायची ती शेवटच्या बदलापासून. समजा ५ मेपासून तुमच्या वेळा नीट झाल्या, मग १० एप्रिल विसरा, ५ मेपासून मोजा, सहा आठवडे होतात १६ जूनला आणि आठ होतात ३० जूनला. या पंधरवड्यातला एक दिवस कॅलेंडरवर आत्ताच लिहा. मधे एखादा आठवडा लग्नाकार्यात गोळ्यांची पार वाट लागली तर तारीख तेवढी पुढे ढकला, गडबडीतल्या आकड्याचा कोणालाच उपयोग नाही. लॅब तीच ठेवा, वेळही सकाळचीच, कारण टीएसएच दिवसभरात वरखाली होतो, पहाटे जास्त आणि दुपारकडे कमी. नुसत्या टीएसएचसाठी उपाशी राहायची सक्ती नसते, पण त्या दिवशीची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या, कारण गोळी घेतल्यावर काही तास टी४ वर चढलेला दिसतो. सोबत डबीत गोळी घेऊन जा, रक्त दिलं की तिथेच पाण्याने घ्यायची आणि नाश्ता तासाने.

जूनमध्ये आकडा नीट आला तर पुढची टेस्ट साधारण सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा, मधे मधे काढायची गरज नाही. सगळं शिस्तीत करूनही आठ आठवड्यांनी टीएसएच वरच राहिला, तर मग डोस खरंच कमी आहे म्हणायचं, किंवा आतड्यातच काही अडचण आहे का ते डॉक्टर बघतील. तुमचं हिमोग्लोबिनही कमी आहे म्हणून हे सांगतेय, गव्हातल्या ग्लूटेनने आतडं खराब होण्याचा सिलिॲक नावाचा आजार किंवा पोटाच्या अस्तराची जुनी सूज, यांत लोहही शोषलं जात नाही आणि थायरॉईडची गोळीही नाही. पण आधी साधी कारणं संपू देत. पाळीत रक्तस्राव जास्त जातोय का तेही त्यांना सांगा, थायरॉईड कमी पडलं की पाळी जास्त जाते आणि पाळी जास्त गेली की हिमोग्लोबिन उतरतं, तुमचं मूळ तिथेही असू शकतं.

हे वाचणाऱ्या तरुण मुलींसाठी एक गोष्ट मधेच सांगते, थायरॉईडची गोळी चालू असताना दिवस राहिले तर हे सहा-आठ आठवड्यांचं गणित तुमच्यासाठी नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, बहुतेक वेळा डोस वाढवावा लागतो, आणि अर्धे दिवस भरेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. आणि गरोदरपणात आयर्न-कॅल्शियम असतंच, त्यामुळे चार तासांचा नियम तिथे जास्तच पाळायचा.

ताई, शेवटी एवढंच, तुमचं आयर्न कायमचं नाही, हिमोग्लोबिन वर आलं आणि साठा भरला की काही महिन्यांत डॉक्टर ते थांबवतील. तुम्ही वेळा नीट पाळल्या असतील तर तेव्हा काहीच हलायला नको. तरी आयर्न किंवा कॅल्शियम ज्या दिवशी बंद होईल ती तारीख थायरॉईडच्या फाइलवर लिहून ठेवा आणि तिथून सहा-आठ आठवड्यांनी एकदा टीएसएच करा. गोळीची कंपनी बदलली तरी तसंच. दुकानात "दुसऱ्या कंपनीची देऊ का, तीच आहे" असं विचारलं तर शक्यतो नको म्हणा, आणि नाइलाजाने घेतलीच तर त्या दिवसाची तारीखही त्याच फाइलवर.